चार्जिंग पोर्टमधून वायरवाले इअरफोन: कधी आवाजच नाही, कधी बारीक आवाज, कधी गाणं मध्येच बंद

मावसभावाने नवीन फोन घेतला, वरचं गोल भोक गायब, आणि त्याच्याकडे तीन-चार वर्षं जिवापाड जपलेले वायरवाले इअरफोन. पंधरा दिवसांत त्याने तीन अडॅप्टर बदलले आणि तिन्हींचं दुखणं वेगळं. पहिल्यातून आवाजच येईना, दुसऱ्यातून यायचा पण इतका बारीक की पंखा चालू असला तर गाणं शोधावं लागायचं, आणि तिसरा मस्त वाजायचा पण फोन खिशात टाकून चार पावलं चाललं की गाणं बंद. शेवटी वैतागून माझ्याकडे आला, "दादा, हे इअरफोनच गेलेत का बघ ना." इअरफोन ठणठणीत होते. तिन्ही अडॅप्टरसुद्धा खरं तर बिघडलेले नव्हते. हाच प्रश्न मला दर महिन्या दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

पहिला अडॅप्टर: लावला तरी फोनला पत्ताच नाही

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग अर्धा गोंधळ तिथेच संपतो. टाइप-सी मधून इअरफोनचा आवाज काढायचे दोन पूर्ण वेगळे मार्ग आहेत, आणि दोन्ही अडॅप्टर बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात.

एक प्रकार म्हणजे नुसती वायर. आत काही नाही, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला गोल भोक, मध्ये तांब्याच्या तारा. यात डिजिटल गाण्याचा खरा आवाज बनवायचं काम, म्हणजे डॅकचं काम, फोनच्या आतली चिप करते आणि तयार ॲनालॉग आवाज पोर्टच्या त्याच पिनांवर सोडते ज्यांच्यावरून एरवी डेटा जातो. त्यासाठी फोनच्या आत आवाज त्या पिनांकडे वळवणारा स्विच असावा लागतो. तो बऱ्याच फोनमध्ये नसतोच.

दुसऱ्या प्रकारात अडॅप्टरच्या आतच एक बारकी चिप असते, तिच्यात डॅक पण आणि इअरफोन चालवणारा छोटा अँप्लिफायर पण. फोन तिला फक्त डिजिटल डेटा आणि वीज देतो. म्हणजे ते अडॅप्टर नसून एक छोटं यूएसबी साउंडकार्डच आहे म्हणा ना.

भावाचा पहिला अडॅप्टर जुन्या कुठल्यातरी फोनच्या डब्यातला होता आणि तो पहिल्या प्रकारचा निघाला. नवीन फोनला दुसरा प्रकारच चालतो, त्यामुळे लावला तरी गाणं आपलं स्पीकरवरच. काही फोन निदान तसं सांगतात तरी, स्क्रीनवर `Analog audio accessory detected` असं येतं आणि खाली हे उपकरण या फोनला चालत नाही असं लिहिलेलं असतं. भावाला हा मेसेज आलाही होता पण त्याने तो इकडेतिकडे सरकवून टाकला, कारण वाचतं कोण.

तुमच्याकडे कुठला प्रकार आहे हे ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे अडॅप्टर लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावायचा, आणि लावताना इअरफोन त्यात खुपसलेला ठेवायचा. चिपवाला असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुटच्या यादीत एक नवीन नाव दिसतं. नुसत्या वायरवाला असेल तर लॅपटॉप ढिम्म, काहीच होत नाही. लिनक्स वापरत असाल तर हे दोन कमांड पुरेत:

```
cat /proc/asound/cards
cat /proc/asound/card1/stream0
```

पहिल्यात अडॅप्टर वेगळं कार्ड म्हणून दिसला की चिप आहे हे नक्की. दुसऱ्यात तो कुठले सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, घेतो ते दिसतं, आणि गाणं चालू असताना `Momentary freq` समोर आत्ता प्रत्यक्षात काय चाललंय तेही दिसतं. कार्डाचा नंबर तुमच्याकडे 1 नसून 2 असू शकतो, पहिल्या कमांडमध्ये बघून बदला.

आयफोनवाल्यांना हा गोंधळ फारसा नाही. आयफोन 7 ला 2016 मध्ये गोल भोक गेलं तेव्हापासून अडॅप्टरमध्येच चिप, आणि 2023 च्या आयफोन 15 पासून टाइप-सी आलं तरी चिपवालाच लागतो. अँड्रॉइडमध्ये मात्र दोन्ही प्रकार फिरत राहिले. आणि हो, ज्या इअरफोनना थेट टाइप-सी पिनच असते त्यांनाही हेच लागू, त्यातही काही चिपवाले असतात आणि काही नुसत्या तारेचे, तेव्हा मित्राच्या फोनवर वाजले म्हणून तुमच्यावर वाजतीलच असं नाही.

चिपवाला अडॅप्टर असूनही फोन ओळखत नसेल तर दोन सेटिंगं बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी नावाचं बटण सेटिंगमध्ये बंद असतं, ते चालू केल्याशिवाय पोर्टमधून वीज बाहेर जातच नाही, आणि वीज नाही म्हणजे चिप झोपलेली. त्यातही खोड अशी की साधारण 10 मिनिटं काही लावलं नाही तर ते आपोआप परत बंद होतं. म्हणून "काल चाललं, आज नाही" अशी तक्रार असली की माझा पहिला प्रश्न ओटीजीचाच असतो. दुसरं म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Disable USB audio routing` असं एक बटण असतं. ते चुकून चालू झालेलं असेल तर अडॅप्टर कितीही चांगला असो, आवाज स्पीकरवरूनच येणार. तिथेच जवळपास `Disable absolute volume` पण दिसेल, बरेच जण वायरचा आवाज वाढेल या आशेने ते दाबत बसतात, पण ते फक्त ब्लूटूथसाठी आहे, वायरशी त्याचा काडीचा संबंध नाही.

इथे गाणीवेड्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चिपवाला अडॅप्टर लावला की फोनच्या आतला डॅक पूर्ण बाजूला पडतो. फोनच्या जाहिरातीत हाय-फाय डॅक, अमुक चिप असं कितीही लिहिलेलं असलं तरी या रस्त्याने त्याचा उपयोग शून्य. एलजी V20 सारख्या फोनमध्ये खास डॅक होता आणि त्याचं कौतुक खरंच होतं, पण तो गोल भोकातून ऐकायचा. त्याच फोनला टाइप-सी अडॅप्टर लावलात तर ऐकताय अडॅप्टरची चिप, फोनची नाही. उलट बाजूने हीच चांगली बातमी पण आहे, कारण साध्या फोनवर चांगला अडॅप्टर लावला तर आवाजाच्या बाबतीत तो महागड्या फोनच्या बरोबरीला येतो.

दुसरा अडॅप्टर: आवाज येतो पण मुंगीएवढा

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रकार आहे, कारण इथे माणूस इअरफोनला नाहीतर अडॅप्टरला दोष देतो आणि चांगली वस्तू फेकून देतो.

भावाने दुसरा अडॅप्टर ज्या फोन कंपनीचा घेतला तो मुळात तिच्या स्वतःच्या फोनसाठी बनवलेला. सगळीकडे त्याच्या आवाजाची तारीफ वाचून घेतला. लावला, फोनचा आवाज 100 टक्के केला, तर आवाज एरवीच्या निम्म्याहून कमी. मी तोच अडॅप्टर, तेच इअरफोन, तेच गाणं माझ्या लॅपटॉपवर लावलं आणि आवाज 40 टक्क्यांवर ठेवला तरी कान भरले. नंतर एका ओळखीच्याच्या आयफोन 15 वर लावून बघितलं, तिथेही दणदणीत. म्हणजे इअरफोन पास, अडॅप्टर पास, उरला फोन. ही अदलाबदल करून बघायला पाच मिनिटं लागतात, ती केल्याशिवाय कुठलीही वस्तू परत करायच्या भानगडीत पडू नका.

होतं काय ते सांगतो. आवाज कमीजास्त करायच्या दोन चाव्या आहेत. एक फोनमध्ये, जी गाण्याचा डिजिटल डेटाच लहानमोठा करते. दुसरी अडॅप्टरच्या चिपमध्ये, जिला हार्डवेअर व्हॉल्यूम म्हणतात. गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह आणि बाथरूमचा नळ असतो ना, तसं. वॉल्व्ह अर्धवट बंद असेल तर खाली नळ पूर्ण सोडला तरी करंगळीएवढीच धार. हा अडॅप्टर वीज मिळाली की स्वतःची चावी मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवून जागा होतो, आणि वर नेण्याचं काम फोनवर सोडतो. त्या कंपनीचे फोन ते काम करतात, लॅपटॉप पण करतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मात्र सिस्टीम फक्त आपली डिजिटल चावी फिरवते आणि चिपच्या चावीला हातच लावत नाही. म्हणून स्क्रीनवर पट्टी पूर्ण भरलेली दिसते आणि कानात कुजबुज.

यातच एक वेगळा गैरसमज मिसळलेला असतो. या अडॅप्टरच्या दोन आवृत्त्या निघतात, युरोपसाठीची जास्तीत जास्त 0.5 व्होल्ट देते आणि बाकी जगासाठीची 1 व्होल्ट. मग लोक म्हणतात तुला युरोपवाला मिळालाय, म्हणून आवाज कमी. पण हिशोब करून बघा. 32 ओहम अडथळ्याच्या इअरफोनला 1 व्होल्ट म्हणजे 31 मिलीवॉट, आणि 0.5 व्होल्ट म्हणजे जेमतेम 8 मिलीवॉट. ऐकायला मोठा फरक वाटतो, पण डेसिबलमध्ये तो फक्त 6 चा आहे. इअरफोन 1 मिलीवॉटला 100 डेसिबल देणारे असतील (साधारण बरेच असे असतात) तर युरोपवाला सुद्धा त्यांना 109 पर्यंत नेऊ शकतो, जे कानांना नको इतकं जास्त आहे. म्हणजे आवाज कुजबुजीएवढा असेल तर दोष आवृत्तीचा नसून त्या चावीचाच आहे. आवृत्तीचा फरक जाणवतो तो 250 ओहमच्या वगैरे मोठ्या हेडफोनवर, आणि तसले हेडफोन असल्या शेंगदाण्याएवढ्या चिपवर चालवायची अपेक्षा मुळातच जरा जास्त आहे.

उपाय दोन. पहिला, असं गाण्याचं ॲप वापरायचं जे सिस्टीमला बाजूला ठेवून अडॅप्टरशी थेट बोलतं आणि चिपची चावी स्वतः फिरवतं. `USB Audio Player PRO` हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं, त्यात हार्डवेअर व्हॉल्यूमचं सेटिंग आहे. भावाच्या फोनवर ते टाकलं, चावी वर नेली, आणि तोच अडॅप्टर एकदम जागा झाला. अडचण एवढीच की हे त्या ॲपच्या आतल्या गाण्यांपुरतं खात्रीचं. बाहेर दुसऱ्या ॲपमध्ये गेल्यावर ती पातळी कधी टिकते कधी नाही, आणि अडॅप्टर उपसून परत लावला की चिप पुन्हा मूळ पदावर. ज्याचं सगळं ऐकणं स्ट्रीमिंगच्या ॲपवर आहे त्याला हा उपाय दोन दिवसांत कंटाळवाणा होतो.

दुसरा उपाय सरळ आहे, असा अडॅप्टर घ्यायचा जो जागा होतानाच पूर्ण पातळीवर होतो. डब्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून विकत घ्यायच्या आधी तुमच्याच मॉडेलचा फोन असलेल्या माणसाला विचारा, "अडॅप्टर चांगला आहे का" असं नाही, तर "फोनचा आवाज किती टक्क्यांवर ठेवून ऐकतोस" असं. 60 च्या आसपास म्हणाला तर डोळे झाकून घ्या. 100 म्हणाला तर सोडून द्या.

आणि एक सांगायचं राहिलंच, हे नीट वाचा. असल्या थेट बोलणाऱ्या ॲपमध्ये बिट-परफेक्ट नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की गाण्याच्या डेटाला कोणी हात लावत नाही, म्हणजे फोनची डिजिटल चावी पण बाद. अशा वेळी आवाजाची बटणं काम करतीलच असं नाही आणि पहिलं गाणं पूर्ण ताकदीने कानात फुटतं. मी एकदा हे खाल्लंय, दुसऱ्या दिवसापर्यंत कानात शिट्टी वाजत होती. पहिल्यांदा चालू करताना इअरफोन कानात घालू नका, हातात धरून प्ले करा, लांबून किती वाजतंय ते ऐका, मग घाला.

तिसरा अडॅप्टर: चाललं की गाणं बंद

इथे थांबणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींची कारणं अगदी वेगळी, पण लोक दोन्हींना "लूज आहे" म्हणून मोकळे होतात.

पहिला प्रकार म्हणजे अडॅप्टरचा फोनशी संबंध क्षणभर तुटतो. अँड्रॉइडमध्ये हेडफोन निघाले की गाण्याचं ॲप मुद्दाम थांबतं, म्हणजे बसमध्ये अचानक स्पीकरवर गाणं सुरू होऊ नये म्हणून. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा संपर्क तुटला तरी फोनच्या दृष्टीने तुम्ही हेडफोन काढले. दुसरा प्रकार म्हणजे संपर्क शाबूत आहे पण फोनला वाटतं तुम्ही वायरवरचं प्ले-पॉझचं बटण दाबलं. माइकवाल्या इअरफोनचं बटण काय करतं तर माइकची तार आणि ग्राउंडची तार एकत्र जोडतं. अँड्रॉइडच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे त्या दोन तारांमध्ये 70 ओहम किंवा त्याहून कमी दिसले की ते प्ले-पॉझ. मग घाम आत गेला, गोल पिन पूर्ण बसली नाही, तिच्यावर काळपट थर चढला, तरी तेवढी जोडणी आपोआप होते आणि गाणं थांबतं, परत सुरू होतं, जास्त वेळ राहिली तर व्हॉइस असिस्टंट "बोला" म्हणून उभा राहतो.

ओळखायचं कसं, तर गाणं थांबल्या थांबल्या अडॅप्टरला हात न लावता फोनची स्क्रीन बघायची. आवाजाची पट्टी वेगळ्याच आकड्यावर उडी मारून बसली असेल, किंवा थेट बोलणाऱ्या ॲपने यूएसबीची परवानगी परत विचारली असेल, तर संबंध तुटला होता. पट्टी जागच्या जागी आहे आणि गाणं आपोआप परत चालूही होतंय किंवा असिस्टंट उगवतोय, तर बटणाचं भूत.

भावाचं पहिल्या प्रकारचं होतं. पोर्टमध्ये बघितलं तर आत तळाशी खिशातल्या कापसाचा चांगला घट्ट गादीसारखा थर. चार्जिंगची केबल जोर लावून बसायची म्हणून त्याला कधी कळलंच नाही, अडॅप्टरची वायर मात्र खिशात हलली की सुटायची. फोन बंद केला, लाकडी टूथपिकचं टोक जरा चपटं केलं आणि कडेकडेने तो थर हळूहळू उकरला. मधल्या पातळ पट्टीला हात लावू नका, सगळे संपर्क तिच्यावरच असतात, आणि सुई किंवा पिन तर अजिबात नको. तिळाएवढे तीन गोळे निघाले. नंतर अडॅप्टर बसला तेव्हा छोटासा टक् आवाज आला जो आधी कधी येत नव्हता, तिथेच मला अंदाज आला.

याची आणखी एक छान चाचणी आहे. अडॅप्टर काढून उलटा करून लावा. फोनच्या पोर्टमध्ये डेटाच्या पिनांच्या दोन जोड्या असतात, वर एक आणि खाली एक, पण अडॅप्टरच्या पिनेत एकच जोडी असते. सरळ लावला की तो एक जोडी वापरतो, उलटा लावला की दुसरी. एका बाजूने नीट चालतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो असं असेल तर घाण किंवा झीज फोनच्या पोर्टमध्ये आहे. दोन्ही बाजूंनी तुटत असेल तर आधी वायर मुळाशी वाकवून बघा, कारण असले अडॅप्टर मरतात ते तिथेच, टाइप-सी पिनेच्या गळ्याशी. आणि फोन खिशात टाकताना अडॅप्टर वर राहील असा टाका, खाली गेला की सगळं वजन त्या गळ्यावर येतं.

बटणाचं भूत असेल तर गोल पिन सुक्या कापडाने पुसा, पूर्ण आत दाबून बसवा, इअरफोनच्या पिनेचं कव्हर जाड असल्याने पिन अर्धा मिलीमीटर बाहेर राहत नाही ना ते बघा. एवढं करून जात नसेल तर माइक नसलेली केबल लावा (ज्यांच्या इअरफोनची केबल सुटी निघते त्यांनी). तीन संपर्कांच्या पिनेत माइकची तारच नाही, त्यामुळे भूतही नाही.

आवाज आला, पण गाणं आधीसारखं वाटत नाही

तिन्ही मिटल्यावर भावाचा शेवटचा प्रश्न, "दादा, आवाज आता फुल आहे, पण झांजा कुठेतरी मागे गेल्यासारख्या वाटतात." याने मात्र मला विचारात पाडलं. त्याचे इअरफोन एका कानात बरेच छोटे ड्रायव्हर असलेले आहेत, आणि अशांची एक खोड असते, त्यांचा ओहमचा आकडा प्रत्येक सुराला सारखा नसतो. समजा खालच्या सुरांना 32 ओहम आहे आणि वरच्या सुरांना 8. आता अडॅप्टरच्या आउटपुटला स्वतःचाही थोडा अडथळा असतो, तोही ओहममध्येच. तो 10 ओहम असेल तर खालच्या सुरांना व्होल्टेजचे 76 टक्के पोहोचतात आणि वरच्यांना फक्त 44. म्हणजे झांजा जवळजवळ पावणेपाच डेसिबलने दबल्या, कोणी इक्वलायझरला हात न लावता. तोच अडथळा 1 ओहम असेल तर फरक पाऊण डेसिबलचा, कानाला फार तर पुसटसा कळेल.

लोक ठोकताळा असा वापरतात की अडॅप्टरचा अडथळा इअरफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून जास्त नसावा. 16 ओहमच्या इअरफोनला 2 पर्यंत ठीक. हा आकडा डब्यावर छापलेला क्वचितच असतो, जे छापतात ते 32 बिट 384 किलोहर्ट्झ, आणि तो आकडा ऐकण्याच्या दृष्टीने जवळजवळ बिनकामाचा. नेहमीच्या ॲपमधून गाणं वाजवलं तर अँड्रॉइड सगळं एकत्र मिसळून सहसा 48 किलोहर्ट्झला पाठवतं, अडॅप्टर 384 घ्यायला बसलेला असला तरी. अँड्रॉइड 14 पासून फेरफार न करता पाठवायची सोय आली खरी, पण ती ॲपने मागून घ्यावी लागते. सीडीच्या 44.1 चं 48 झालं म्हणून गाणं बिघडलं असं मला तरी कधी डोळे मिटून ओळखता आलेलं नाही. त्या पावणेपाच डेसिबलचं मात्र कोणालाही कळतं.

भावाच्या दुसऱ्या, म्हणजे बारीक आवाजाच्या अडॅप्टरचा अडथळा 1 ओहमच्या आसपास आहे, तिसऱ्याचा नक्कीच बराच जास्त असणार. दोन्ही लॅपटॉपवर लावून, आवाज कानाने जमेल तितका सारखा करून, एकच गाणं आलटून पालटून ऐकलं. दुसऱ्यावर झांजा जागेवर. आवाज सारखा करणं विसरू नका, नाहीतर जो जरासा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि सगळी तुलना फुकट जाते. एकच ड्रायव्हर असलेले साधे इअरफोन असतील तर या भानगडीत पडायची गरज नाही, त्यांचा ओहम बऱ्यापैकी सपाट असतो.

शेवटी ठरलं असं की घरी नीट बसून ऐकायला दुसरा अडॅप्टर आणि ते ॲप, बाहेर फिरताना तिसरा. पहिला, नुसत्या तारेचा, त्याने आईच्या जुन्या फोनला दिला, तिथे तो पहिल्या झटक्यात वाजला.

आता त्याला चार्जिंग करता करता ऐकायचंय म्हणून दोन तोंडांचा अडॅप्टर बघतोय. त्यात फोनने एकाच वेळी वीज घ्यायची पण आणि चिपला चालवायचं पण असतं, त्यासाठी अडॅप्टरला फोनशी नीट बोलणी करता यावी लागतात. हलक्या मालात चार्जिंग सुरू होतं आणि आवाज जातो, किंवा आवाज राहतो आणि मागे गुंईऽऽ अशी घरघर चालू होते. ती घरघर चार्जर काढून पॉवर बँक लावल्यावर बंद झाली तर चार्जरच्या बाजूची आहे, अडॅप्टर बदलून जाणार नाही. मी त्याला सांगितलंय, परत करता येईल असाच घे आणि घेतल्या घेतल्या चार्जर लावून, आवाज शून्यावर ठेवून, शांत खोलीत अर्धा मिनिट ऐक.